‘डाउनलोड पूर्ण’ दिसतं, पण मशीन जुन्याच आकड्यांवर चालतं: एचएमआयवरून रेसिपी नीट उतरत नसेल तर काय तपासायचं

एचएमआयवरून कंट्रोलरकडे रेसिपी पाठवताना येणारा एक बिघाड मी बऱ्याच मशीनवर दुरुस्त केला आहे. मशीन वेगळं, पॅनेल वेगळं, प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा, तरी तक्रार जवळजवळ शब्दशः तीच असते: "ऑपरेटरने पाठवली की जात नाही, सुपरवायझरने लॉगिन करून पाठवली की जाते." मग सगळे मिळून ठरवतात की प्रश्न अधिकारांचा आहे, आणि आठवड्याभरात सुपरवायझरचा पासवर्ड पॅनेलच्या दारावर चिकटवलेला दिसतो. बहुतेक वेळा दोष अधिकारांचा नसतोच.

लक्षणं

खालीलपैकी नेमकं काय होतंय ते आधी लिहून ठेवा. "रेसिपी जात नाही" एवढ्याने काही कळत नाही.

- पॅनेलवर ‘पूर्ण’ असा संदेश येतो, पण एकही आकडा बदललेला नसतो.
- काही आकडे बदलतात, एखाददुसरा जुनाच राहतो. हा राहिलेला आकडा बहुतेक तापमानाचा, दाबाचा किंवा वेगाचा सेटपॉइंट असतो.
- पहिल्यांदा दाबलं की जात नाही, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की जाते.
- अमुक रेसिपीवरून तमुक रेसिपीवर जाताना अडतं, उलट येताना अडत नाही.
- वीज बंद-चालू केल्यावर एकदा जाते, मग पुन्हा काही केल्या जात नाही.
- आकडा जातो पण भलताच दिसतो: शून्य, दहापट, किंवा उणे.
- बटण दाबलं जातं, पण काहीच होत नाही.

तिसरं आणि चौथं लक्षण एकत्र दिसलं तर कारण जवळपास ठरलेलं असतं. त्याकडे खाली सविस्तर येतो. पण आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या करा, कारण त्यासाठी लॅपटॉप जोडावा लागत नाही आणि अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात.

पहिली तपासणी: लॉगिन आहे कोणाचं, आणि मशीन थांबलेलं आहे का?

पॅनेलवर काही मिनिटं हालचाल नसली की वापरकर्ता आपोआप लॉगआउट होतो. ऑपरेटर रेसिपीच्या स्क्रीनवर आकडे वाचत उभा असतो आणि तेवढ्यात त्याची मुदत संपलेली असते. तो ‘डाउनलोड’ दाबतो, लॉगिनची खिडकी उघडते, तो पासवर्ड टाकतो, खिडकी बंद होते. त्याला वाटतं काम झालं. बऱ्याच पॅनेलवर मात्र लॉगिन झाल्यावर आधीचं बटण आपोआप पुन्हा दाबलं जात नाही, ते हाताने दाबावं लागतं. ‘बटण दाबलं पण काहीच झालं नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. लॉगिन केलेल्याचं नाव आणि पातळी प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल असं करून घ्या, म्हणजे हा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

दुसरं म्हणजे मशीनची अवस्था. नीट लिहिलेला प्रोग्रॅम बॅच चालू असताना नवी रेसिपी स्वीकारत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नकाराचं कारण पॅनेलवर दाखवलेलं नसेल तर ऑपरेटरला तो बिघाड वाटतो. मशीन रिकामं, थांबलेलं आणि अलार्म नसलेलं असताना एकदा पाठवून बघा. तेव्हा गेली तर बिघाड नाही, फक्त संदेशाची कमतरता आहे.

दुसरी तपासणी: पाठवताय ती रेसिपी जतन केलेली आहे का?

स्क्रीनवर दिसणारे आकडे आणि पॅनेलच्या मेमरीत जतन असलेला रेकॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही पॅनेल स्क्रीनवरचे आकडे पाठवतात, काही जतन केलेला रेकॉर्ड. ऑपरेटरने ५० चे ६५ केले, ‘सेव्ह’ न करता ‘डाउनलोड’ दाबलं, तर दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवरून ५० च जातात. तपासायचं कसं? दुसरी रेसिपी उघडा आणि पुन्हा पहिलीवर या. आकडा जुना झाला असेल तर तो जतन झालेलाच नव्हता.

रेसिप्या सीएसव्ही फाइलमधून आणल्या असतील तर मोकळी राहिलेली घरं आणि दशांशचिन्हाच्या जागी पडलेला स्वल्पविराम शोधा. असा एक स्वल्पविराम पुढचे सगळे आकडे एक घर सरकवतो. शिवाय पॅनेलवरच्या रकान्याला लावलेली किमान-कमाल मर्यादा हाताने टाकलेल्या आकड्यालाच लागते. फाइलमधून आलेला आकडा त्या तपासणीला बगल देऊन रेकॉर्डमध्ये बसू शकतो. म्हणून "पॅनेलवर मर्यादा आहे ना, मग चुकीचा आकडा येईलच कसा" हा युक्तिवाद चालत नाही.

तिसरी तपासणी: कंट्रोलरमधले आकडे परत वाचा

ही माझी आवडती तपासणी आहे. फक्त एक खबरदारी घ्या: कंट्रोलरमधून पॅनेलकडे वाचताना, म्हणजे अपलोड करताना, तोच रेकॉर्ड निवडलेला असेल तर कंट्रोलरमधले जुने आकडे चांगल्या रेसिपीवर लिहिले जातात आणि मूळ रेसिपी हातची जाते. आधी `TEST` नावाचा नवा रेकॉर्ड करा आणि त्यात वाचा.

मग पाठवलेली रेसिपी आणि वाचलेला `TEST` शेजारी ठेवून ओळीओळीने जुळवा. कुठे फरक पडतो यावरून पुढची वाट ठरते.

सगळेच आकडे जुने असतील तर कंट्रोलरने रेसिपी घेतलीच नाही. हँडशेक किंवा मशीनच्या अवस्थेकडे बघा.

ठरावीक क्रमांकापासून पुढचे सगळे जुने असतील तर लिहिणं तुकड्यातुकड्यांत होतंय आणि कंट्रोलर पहिल्या तुकड्यावरच कामाला लागतोय. मॉडबसवर एका संदेशात जास्तीत जास्त १२३ रजिस्टर लिहिता येतात. दशांशातली प्रत्येक संख्या दोन रजिस्टर घेते, म्हणजे एका खेपेत ६१ आकडे. रेसिपी त्याहून मोठी असली की दुसरी खेप लागणारच.

एखादाच आकडा भलता असेल तर तो संख्येच्या प्रकाराचा घोळ आहे. दहापट फरक म्हणजे दशांशाची मोजपट्टी दोन्हीकडे वेगळी. ४०००० पाठवले आणि -२५५३६ दिसले तर एका बाजूला चिन्हासहित १६ बिट धरले आहेत. ६५.० पाठवले आणि शून्य दिसलं तर दोन रजिस्टरांचा क्रम उलटा आहे: ६५.० म्हणजे `0x42820000`, त्याचे अर्धे भाग उलटे बसले की `0x00004282` होतं, आणि ती संख्या इतकी सूक्ष्म आहे की पडद्यावर ०.० च दिसते. हे दोष नव्या मशीनवर किंवा पॅनेल बदलल्यावर निघतात. काल चालत असलेल्या मशीनवर आज अचानक येत नाहीत.

आणि मर्यादा असलेला एखादाच आकडा जुना राहिला असेल, तर पाचव्या तपासणीकडे जा.

चौथी तपासणी: हँडशेकचा बिट अडकला आहे का?

पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यात साधारण असा संवाद असतो: पॅनेल आकडे लिहितं, मग ‘लिहून झालं’ असा बिट उचलतं. कंट्रोलर तपासतो, उत्तर देतो आणि शेवटी बिट खाली जातो. हे खाली जाणं राहून गेलं तर पहिला डाउनलोड व्यवस्थित होतो आणि दुसरा कधीच होत नाही. वीज बंद करून चालू केली की मेमरी पुसली जाते आणि पुन्हा एकदाच काम होतं. लक्षणांतलं पाचवं हेच.

सीमेन्सच्या पॅनेलमध्ये ‘डेटा मेलबॉक्स’ वापरला असेल तर त्यातला स्टेटस शब्द बघा. ० म्हणजे पाठवायला मोकळीक, २ म्हणजे पाठवणं चालू, ४ म्हणजे चूक न होता पूर्ण, १२ म्हणजे चूक होऊन पूर्ण. तो परत ० करणं ही कंट्रोलरच्या प्रोग्रॅमची जबाबदारी असते. ४ किंवा १२ वर अडकून बसला असेल तर पुढची पाठवणी होणार नाही. हा शब्द एखाद्या देखभाल स्क्रीनवर कायमचा दाखवा. त्याला खर्च काही येत नाही, आणि रात्रपाळीला फोन आला तर एका वाक्यात निदान होतं.

पाचवी तपासणी: मर्यादांची तुलना कशाशी होते?

आता मूळ तक्रारीकडे. ढवळण्याच्या आणि तापवण्याच्या एका टाकीचं उदाहरण घेऊ. रेसिपीत बाकी गोष्टींबरोबर तापमानाचा सेटपॉइंट आणि अति-तापमानाच्या अलार्मची पातळी आहे. नियम असा की सेटपॉइंट अलार्मपेक्षा निदान ५ अंश खाली हवा. दोन रेसिप्या आहेत: ‘अ’ मध्ये सेटपॉइंट ५०, अलार्म ५८, ‘ब’ मध्ये सेटपॉइंट ६५, अलार्म ७५. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष आहेत.

कंट्रोलरचा प्रोग्रॅम मात्र आकडे एकेक करून तपासतो, आणि प्रत्येक आकड्याची तुलना सध्या चालू असलेल्या दुसऱ्या आकड्याशी करतो. मशीन ‘अ’ वर आहे, ऑपरेटर ‘ब’ पाठवतो. आधी सेटपॉइंट ६५ तपासला जातो. चालू अलार्म ५८ आहे, म्हणजे ५३ च्या वर परवानगी नाही. ६५ नाकारला, ५० तसाच राहिला. मग अलार्म ७५ तपासला जातो. चालू सेटपॉइंट ५०, म्हणजे किमान ५५ हवा. ७५ स्वीकारला. पॅनेलने तर सगळे आकडे लिहिले होते, म्हणून ते ‘पूर्ण’ म्हणतं. प्रत्यक्षात मशीनवर सेटपॉइंट ५० आणि अलार्म ७५ असं कोणत्याच रेसिपीत नसलेलं मिश्रण बसलेलं असतं.

ऑपरेटर वैतागून सुपरवायझरला बोलावतो. सुपरवायझर लॉगिन करून तीच रेसिपी पाठवतो. आता चालू अलार्म ७५ आहे, ७० पर्यंत परवानगी आहे, ६५ सहज स्वीकारला जातो. रेसिपी गेली! सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की सुपरवायझरच्या लॉगिनने काम झालं. खरं तर ते दुसऱ्यांदा दाबल्यामुळे झालं.

‘ब’ वरून ‘अ’ वर येताना अडत नाही, कारण ५० हा ७५ च्या खाली आहेच, आणि मग ५८ हा ५० च्या पुरेसा वर आहे. म्हणून हा दोष एकाच दिशेने दिसतो आणि "कधी होतं, कधी होत नाही" अशी त्याची ख्याती होते.

खात्री करायला दोन प्रयोग पुरतात. दोन्ही टाकी रिकामी, तापवणी बंद आणि उत्पादन विभागाची परवानगी असतानाच करा. पहिला: ‘अ’ चालू असताना ऑपरेटरच्याच लॉगिनने ‘ब’ लागोपाठ दोनदा पाठवा. दुसऱ्यांदा गेली तर अधिकारांचा संबंध नाही. दुसरा: परत ‘अ’ वर या आणि या वेळी पहिली पाठवणी सुपरवायझरच्या लॉगिनने करा. तीही अडली तर शंका उरत नाही.

एक गोष्ट ठामपणे सांगतो: दोनदा दाबायची सवय हा उपाय नव्हे. पहिल्या आणि दुसऱ्या दाबण्याच्या मधल्या काळात मशीन भलत्या मिश्रणावर असतं. वरच्या उदाहरणात ५० अंशांच्या मालाला ७५ चा अलार्म राखण करतोय, म्हणजे अलार्म असून नसल्यासारखा. कोणी त्या क्षणी ‘स्टार्ट’ दाबलं तर?

तसंच मर्यादाच रुंद करणं हाही उपाय नव्हे. सेटपॉइंट अडतोय म्हणून ५ अंशांचं अंतर काढून टाकलेलं मी पाहिलं आहे. तक्रार थांबते, पण ते अंतर ज्या कारणासाठी ठेवलं होतं ते कारण तिथेच असतं.

दुरुस्ती: आधी बाजूला उतरवा, मग एकदम स्वीकारा

इथून पुढे प्रोग्रॅम बदलावा लागतो. पॅनेलने थेट चालू आकड्यांवर लिहायचं नाही, एका बाजूच्या जागेत लिहायचं. तिला बफर म्हणू. कंट्रोलर बफरमधल्या आकड्यांची तुलना बफरमधल्याच आकड्यांशी करतो, आणि सगळे नियम पाळले गेले तरच संपूर्ण रेसिपी एकाच स्कॅनमध्ये चालू जागेत उतरवतो. एकही नियम मोडला तर काहीच उतरवत नाही. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये गाभा एवढाच:

```
ok := (buf.SP >= SP_MIN) AND (buf.SP <= SP_MAX)
  AND (buf.AL <= AL_MAX)
  AND (buf.SP <= buf.AL - 5.0);

IF cmd AND NOT cmd_old THEN
  IF ok AND idle THEN
    act := buf;
    result := 1;
  ELSE
    result := 2;
  END_IF;
END_IF;
cmd_old := cmd;
```

अट ‘मर्यादेत आहे का’ अशी लिहिली आहे, ‘मर्यादेबाहेर आहे का’ अशी नाही. यात एक फायदा दडलेला आहे. खराब फाइलमुळे किंवा चुकलेल्या गणितामुळे दशांश संख्येच्या जागी ‘संख्या नाही’ अशी बिटरचना येऊ शकते, आणि आयईईई ७५४ मानकाप्रमाणे तिची कोणत्याही आकड्याशी लहान-मोठेपणाची तुलना खोटीच निघते. ‘कमी आहे किंवा जास्त आहे, तर नाकार’ असं लिहिलं की ती दोन्ही अटींतून निसटते आणि स्वीकारली जाते. वरच्या पद्धतीत ती आपोआप नाकारली जाते.

पॅनेलने ‘पूर्ण’ हा संदेश स्वतःच्या लिहिण्यावरून दाखवू नये. `result` १ झाला तरच ‘स्वीकारली’, २ झाला तर ‘नाकारली’, आणि काही सेकंदांत काहीच आलं नाही तर ‘उत्तर नाही’, असे तीन वेगळे संदेश हवेत. नवी पाठवणी सुरू होण्याआधी `result` शून्य करा, नाहीतर मागच्या वेळचा १ वाचून पॅनेल पुन्हा खोटी बातमी देईल. जमल्यास कोणत्या आकड्यामुळे नाकारली त्याचा क्रमांकही द्या. "नाकारली: घटक ४" एवढं दिसलं तरी ऑपरेटर स्वतः बरंच समजून घेतो.

अधिकारांच्या पातळ्या

खरा दोष सापडला की अधिकार परत जागच्या जागी आणा, आणि दारावरचा पासवर्ड फाडून बदला. मला सोयीची वाटलेली वाटणी अशी: ऑपरेटर रेसिपी निवडतो आणि पाठवतो, आकडे बदलत नाही. सुपरवायझर मर्यादेच्या आत आकडे बदलून जतन करतो. मर्यादा स्वतः फक्त प्रक्रिया अभियंता बदलतो.

मर्यादा रेसिपीच्या आत ठेवू नका. कमाल तापमान हा रेसिपीचाच एक घटक असेल, तर रेसिपी बदलू शकणारा माणूस स्वतःची मर्यादा स्वतः ठरवतो आणि तपासणी नावापुरती उरते. मर्यादा कंट्रोलरमध्ये वेगळ्या जागी हव्यात. पॅनेलवरच्या मर्यादा फक्त सोयीसाठी असतात, चुकीचा आकडा टाकताक्षणी सांगण्यासाठी. दोन्हीकडचे आकडे जुळत नसतील तर पॅनेल ८० घेतं, कंट्रोलर ७८ लाच नाकारतं, आणि पुन्हा तीच तक्रार येते. पॅनेलने स्वतःचे आकडे न ठेवता कंट्रोलरमधल्याच मर्यादा वाचाव्यात हे उत्तम.

एक चोरवाट नेहमी राहून जाते. पातळी ‘डाउनलोड’ बटणाला लावलेली असते, पण रेसिपी बदलली की आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट, दुसऱ्या खोलीतलं पॅनेल किंवा दूरस्थ स्क्रीन यांना लावलेली नसते. रेसिपी कुठकुठून पाठवता येते याची यादी करा आणि प्रत्येक वाट लॉगिन न करता एकदा वापरून बघा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पहिल्या चार तपासण्या देखभाल विभागातल्या कोणालाही करता येतात, फक्त चौथीत बिट हाताने बदलू नका, बघा. पाचवीतले प्रयोग रिकाम्या मशीनवर आणि परवानगीनेच. त्यापुढे हात घालण्याआधी खालील गोष्टी बघा.

प्रोग्रॅमची ताजी प्रत तुमच्याकडे नसेल आणि कंट्रोलरमधला प्रोग्रॅम तिच्याशी जुळतो याची खात्री नसेल तर ऑनलाइन बदल करू नका. जुनी प्रत चढवली तर कोणीतरी दरम्यान केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातात.

अडणारी मर्यादा सुरक्षेशी संबंधित असेल, म्हणजे दाबपात्र, बर्नर, ज्वलनशील द्रव, फिरणाऱ्या भागाची गती, किंवा सेफ्टी कंट्रोलरमधली कोणतीही मर्यादा, तर ती तपासण्यासाठीसुद्धा बदलायची नाही. ते काम मशीन उत्पादकाचं किंवा सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अभियंत्याचं.

औषध किंवा अन्न उत्पादनातली वैधता-प्रमाणित यंत्रणा असेल तर मर्यादा, वापरकर्ते आणि प्रोग्रॅम यांतला प्रत्येक बदल लेखी बदल-नियंत्रणातूनच जातो. दोष कितीही स्पष्ट दिसत असला तरी आधी गुणवत्ता विभागाला कळवा.

आणि दोष कधी येतो हे कितीही प्रयत्न करून ठरत नसेल, दिशेचा किंवा क्रमांकाचा काहीच नमुना दिसत नसेल, तर नेटवर्कमधले तुटक संपर्क किंवा एकाच जागेवर लिहिणारे दोन पॅनेल हा संशय उरतो. त्यासाठी संदेश पकडून वाचावे लागतात. बोलावलेल्या माणसाला `TEST` रेकॉर्ड, पाठवलेली रेसिपी, त्याआधी चालू असलेल्या रेसिपीचं नाव, लॉगिनची पातळी आणि वेळ एवढं लिहून द्या. आधीच्या रेसिपीचं नाव सगळे विसरतात, आणि वरच्या उदाहरणात नेमकं तेच निदानाला लागतं.